बोअरगेज निघाला! सेंड-ऑफ, भेट आणि त्याच्या पहिल्या जॉबवर्कचा हिशोब

उद्यमबागकर
मंडळी, आपला बोअरगेज या महिनाअखेरीला नोकरी सोडतोय. बेळगावात उद्यमबागेतच शेड घेऊन एक व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन, टाकणार आणि गिऱ्हाईकाच्या कास्टिंगचं मशीनिंग जॉबवर्कवर, म्हणजे मजुरीवर, करणार. शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये छोटा सेंड-ऑफ आहे, कुंदा आणि चिवडा ठरलाय.

धागा दोन गोष्टींसाठी काढलाय. एक म्हणजे भेट काय द्यायची ते ठरवू. दुसरं, त्याचं पहिलं काम जवळजवळ पक्कं आहे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी, ग्रे आयर्न, महिन्याला 400 नग. त्याचा दर बरोबर बसलाय का, ते इथल्या जाणत्यांनी बघावं. शुभेच्छा नुसत्या नकोत, चुका काढून द्या.

कुंदाप्रेमी
अभिनंदन रे! शाल-श्रीफळ नको म्हणा, त्याच्याकडं कपाटभर शाली असतील.

बोअरगेज
सगळ्यांचे आभार. माहिती देतो. बॉडीत एक मुख्य बोअर आहे, 40 एमएम, टॉलरन्स एच7. दोन फेस, सहा ड्रिल-टॅप. रफ कास्टिंग 6.2 किलो, मशीन झाल्यावर 5.1 किलो. दोन सेटअप मिळून सायकल 14 मिनिटं, काढाघालीला 2 मिनिटं, म्हणजे नगाला 16 मिनिटं धरलीत.

मशीन नवीन, 24 लाख, त्यावर जीएसटी वेगळा. पाच वर्षांचं कर्ज साडेदहा टक्क्यानं, हप्ता साधारण 51,600. भाडं 15,000. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर 40,000. मेंटेनन्स, कूलंट, विमा 12,000. माझा पगार 30,000. बेरीज 1,48,600. महिन्याचे 25 दिवस दोन शिफ्ट म्हणजे 400 तास. भागिले तर 371, त्यात लाईटचे 50 घालून तासाला 421. नगाला 112 रुपये. टूलिंग वेगळं लावणार. 112 कोट करायचा विचार आहे.

उद्यमबागकर
बेरीज बरोबर, भागाकार चुकला. 400 तास शेड उघडी असेल, मशीन 400 तास बिल फाडणार नाही. सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी, इन्सर्ट बदल, कास्टिंग वेळेवर न येणं, ऑपरेटरची दांडी, लाईट जाणं, सगळं वजा कर. स्थिरावलेल्या जॉबवर्क शॉपला साठ टक्के धर, म्हणजे 240 तास. 1,48,600 भागिले 240 म्हणजे 619, अधिक 50, सरळ 670 धर. 16 मिनिटांना 179 रुपये.

आणि हे 240 तास भरायला 900 नग लागतात. तुझ्या हातात 400 आहेत, म्हणजे 107 तास. उरलेले 133 तास कुठून येणार, हे दराच्या आधी ठरव. नाहीतर 112 मध्ये नगाला 67 रुपये खिशातून घालून गिऱ्हाईक सांभाळत बसशील, आणि मशीन रात्रंदिवस चालूनही हप्त्याला ओढाताण का होते ते कळायचं नाही.

खानापूर_एक्सप्रेस
दोन शिफ्ट कशाला? एकच शिफ्ट चालव, स्वतः मशीनवर उभा राहा. ऑपरेटरचे 40 हजार वाचले की दर आपोआप खाली येतो. साधा हिशोब आहे की.

उद्यमबागकर
करून बघूया. ऑपरेटर काढले तर खर्च 1,08,600. एका शिफ्टचे 200 तास, त्यातले 125 बिलात येतील असं धरू. तासाला 869, लाईट धरून 919, नगाला 245. दर चढला. कारण हप्ता आणि भाडं शिफ्ट मोजत नाहीत. ऑपरेटर जेवढे खातो त्यापेक्षा जास्त तास मिळवून देतो.

तुमचं एक मात्र खरं. पहिले तीन-चार महिने काम कमीच असणार, तेव्हा दुसऱ्या शिफ्टचा माणूस आधीच नेमू नये. फक्त त्या महिन्यांचा तोटा दरात न ढकलता खेळत्या भांडवलात धरायचा. गिऱ्हाईकाला 245 सांगितलं तर तो चहा पाजून वाटेला लावेल.

वडगावचा_माग
आमच्याकडं मागाला मजुरी नगावर असते, साडीला इतके. तासाचं गणित कोण करत बसत नाही. सरळ बाजारात बाकीचे काय घेतात ते विचारा आणि दोन रुपये कमी लावा, काम चालून येतंय. आमच्या वडगाव-शहापुरात असंच चालतंय. बाय द वे, हेस्कॉमच्या वीजजोडणीला लोड वाढवून घ्यायचा असेल तर काय काय कागद लागतात? मला चार माग वाढवायचेत.

उद्यमबागकर
दादा, लोडचा वेगळा धागा काढा, इथं हरवेल. बोअरगेजच्या कामाचं एवढं सांगतो, शेड घ्यायच्या आधी मालकाला मंजूर लोड किती ते विचार आणि बिल बघ. व्हीएमसी आणि कॉम्प्रेसर दोन्ही बसले पाहिजेत. मंजूर लोडवरचा स्थिर आकार मशीन बंद असलं तरी भरावा लागतो, तो त्या 50 रुपयात आलेला नाही.

बाजारभावाचं म्हणाल तर तो बघायचाच. पण बाजारात 120 ला करणाऱ्याचं मशीन कधीच फिटलेलं असतं, त्याला हप्ता नाही. त्याच्यापेक्षा दोन रुपये कमी लावले तर तो टिकेल, हा जाईल.

बोअरगेज
होय, हे डोक्यात आलंच नव्हतं. मग जुनं मशीन घ्यायचं का? एक 11 लाखाला आहे, आठ वर्षं वापरलेलं.

उद्यमबागकर
11 लाखाचा हप्ता साडेतेवीस हजारांच्या आसपास. दोन शिफ्ट, 240 तास धरून तासाला 553 येतात, नगाला 147. त्यामुळं गिऱ्हाईकाशी बोलायला जागा मिळते. मात्र जुन्यासाठी कर्जाचा दर आणि मुदत वेगळी पडू शकते, बँकेला विचारल्याशिवाय साडेतेवीस हजार धरू नकोस. आणि मेंटेनन्स 12 हजारात भागणार नाही.

मशीन बघायला जाशील तेव्हा त्यांना बोअरिंग बारनं बोअर मारून दाखवू देऊ नकोस. बोअरिंगमध्ये एक्स-वाय जागेवर उभे असतात, स्पिंडल बरा असेल तर बोअर गोल येणारच. एंडमिलनं गोल फिरवून खिसा मारायला लाव. बॉलस्क्रू ढिला असेल तर वर्तुळाच्या चार टोकांना, जिथं अक्ष दिशा बदलतो तिथं, पायरी दिसते. नखाला लागते. मग त्या जागी डायल लावून बॅकलॅश मोज. स्पिंडलमध्ये मँड्रेल घालून तोंडाशी आणि खाली टोकाशी, दोन्हीकडं रनआऊट बघ. तोंडाशी चांगला आणि टोकाला भरपूर असेल तर टेपर खराब झालाय किंवा बेअरिंग गेलंय.

हिशोबनीस
मी नवीन-जुन्यात पडत नाही, पण कागदांचं एक सांगते. बोअरगेज, तुम्ही जीएसटी नंबर घेतलात का?

खानापूर_एक्सप्रेस
त्याला कशाला नंबर? जॉबवर्क म्हणजे सेवा, 20 लाखापर्यंत नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रातल्या शिनोळीचं काम घेतलं तरी लागत नाही. उगाच दर महिन्याला रिटर्नची कटकट.

हिशोबनीस
कायद्यानं तुमचं बरोबर आहे. जॉबवर्कसाठी 20 लाखापर्यंत सक्ती नाही, आणि नोंदणी असलेल्या गिऱ्हाईकाचं परराज्यातलं काम केलं तरीही नाही. पण यांच्या बाबतीत तो सल्ला महाग पडेल. 24 लाखाच्या मशीनवर 18 टक्के म्हणजे 4 लाख 32 हजार. नोंदणी असेल तर ते क्रेडिट मिळतं आणि पुढच्या बिलांवरच्या करातून वळतं होत जातं. नोंदणी नसेल तर तेवढा खर्चच.

आणि क्रम उलटा झाला तर दुरुस्त होत नाही. आधी मशीन घेतलं, मग स्वतःहून नोंदणी केली, तर शिल्लक कच्च्या मालाचं क्रेडिट मिळतं, पण मशीनसारख्या भांडवली मालाचं मिळत नाही. म्हणून नंबर हातात आल्यावरच मशीनचं बिल फाडायला सांगा. आगाऊ रक्कम दिली तरी चालेल, बिलाची तारीख नंतरची हवी. बिलावर तुमचा नंबर छापलेला हवा. जुनं मशीन घेणार असाल तर विकणारा जीएसटीचं बिल देणार का, ते आधी विचारा.

उद्यम नोंदणीही त्याच आठवड्यात करून टाका, तिला पैसे लागत नाहीत. ती असली की गिऱ्हाईकाशी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करारच नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं.

बोअरगेज
ताई, मी उलटंच करणार होतो. मशीन बुक करून मग नंबर. थांबवतो.

शिनोळीवाला
उशिरा आलो. बोअरगेज, पहिल्यांदा मनापासून शुभेच्छा. तुझ्या हातच्या बोअरची तक्रार आमच्या असेंब्लीनं कधी केली नाही.

आमच्याकडं पंप हाऊसिंगचं काम थोडं तुंबलंय. शिनोळी तुझ्या शेडपासून अर्ध्या तासावर, पण मधे राज्याची हद्द. जॉबवर्कचा माल परराज्यात जातो तेव्हा किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. नुसत्या चलनावर दहा नग रिक्षाटेम्पोत टाकून पाठवले आणि वाटेत अडकले, असं व्हायला नको. जातानाचं आम्ही काढू. ताई, परतीचं काय?

हिशोबनीस
जॉबवर्कला पाठवताना तुम्ही काढा, किंवा नोंदणी असेल तर बोअरगेज काढू शकतात. परतीलाही काढावं, वाद नको. चलनावर नग, वजन आणि "जॉबवर्कसाठी" असं स्पष्ट लिहा. माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर पाठवलेल्या दिवशी विकला असं धरतात. फिक्स्चर, जिग यांना ती मुदत नाही, ते बिनधास्त त्यांच्याकडं ठेवा. पण चलन त्यांचंही करा.

ओतारी
आता फाउंड्रीच्या बाजूनं बोलतो. बोअरगेज, 179 असो नाहीतर 147, तुझा दर रिजेक्शनमध्ये बुडेल. कास्टिंगमध्ये खोट निघाली तर मशीनिंगचे पैसे कोण देणार, हे ठरवलंस का?

खानापूर_एक्सप्रेस
त्यात काय ठरवायचं? खोट कास्टिंगची, पैसे फाउंड्रीचे.

ओतारी
तोंडी सगळे असंच म्हणतात. बिलाच्या वेळी गिऱ्हाईक म्हणतो, चांगले नग दिलेस तेवढ्याचेच पैसे. आणि बोअरमधलं भोक खरंच कास्टिंगचं की तुझ्या इन्सर्टनं ओरखडलेलं, यावर भांडण.

तर आधी ओळख. भोकाच्या भिंती गुळगुळीत, चकचकीत आणि आकार गोलसर असेल तर ते ब्लो होल, गॅसचं. वाळूत ओलावा जास्त, नाहीतर व्हेंट बंद. आतून खरखरीत, ओबडधोबड, जाड भागाच्या मधोमध असेल तर श्रिंकेज, तिथं धातू शेवटी गोठतो आणि त्याला रायझरकडून पुरवठा मिळालेला नसतो. भोकात वाळूचे कण दिसले तर सँड इन्क्लूजन. ही तिन्ही आमची. पण बारीक कडेवर इन्सर्ट वारंवार तुटतोय, तिथं भोक नाही, तर कडा फोडून बघ. फ्रॅक्चर राखाडी न दिसता पांढरं चमकत असेल तर चिल आहे. तेही आमचंच, बारीक भाग फार लवकर थंड झाला किंवा इनॉक्युलेशन कमी पडलं. हे मात्र लोक ऑपरेटरच्या माथी मारतात.

प्रत्येक रिजेक्ट नगाचा फोटो हीट नंबरासकट काढ. हीट नंबर नसलेला फोटो मला काही उपयोगाचा नाही, कारण कोणत्या दिवसाच्या वाळूला दोष द्यायचा तेच कळत नाही.

बोअरगेज
मग करारात काय लिहू?

उद्यमबागकर
करारावर जायच्या आधी ऑपरेशनचा क्रम बदल, अर्धं भांडण तिथंच मिटतं. सध्या तू काय करतोस? पहिल्या सेटअपला फेस, ड्रिल, टॅप, आणि बोअर दुसऱ्या सेटअपला रफ-फिनिश एकदम, बरोबर? म्हणजे बोअरच्या आतलं भोक तुला सगळं काम झाल्यावर दिसतं. काढाघाल धरून 16 मिनिटं गेली.

त्याऐवजी पहिल्या सेटअपला पहिल्यांदा बोअर रफ कर, 39.5 पर्यंत. तीन मिनिटांत आतली भिंत उघडी पडते. प्रोग्रॅममध्ये तिथं एम01 टाक आणि ऑप्शनल स्टॉपचं बटण चालू ठेव, म्हणजे मशीन थांबेल, ऑपरेटर टॉर्च मारून बघेल, खोट असेल तर नग बाहेर. काढाघाल धरून चार मिनिटं गेली. शंभरात सहा खोटे नग धरले तर जुन्या क्रमानं 96 मिनिटं वाया, नव्या क्रमानं 24. शंभर नगांमागं 72 मिनिटं वाचली, आणि टॅप, ड्रिल झिजले नाहीत ते वेगळंच.

मर्यादा पण सांगतो. रफनंतर पाव-पाव मिलिमीटर उरलंय, त्याच्या आत दडलेलं बारीक छिद्र फिनिशला निघू शकतं. तेवढे पूर्ण काम झालेले खोटे नग निघणारच.

ओतारी
हे झकास. मग करारात दोन ओळी लिही. रफ बोअरनंतर सापडलेल्या खोट्या कास्टिंगला ठरलेल्या दराचा एक चतुर्थांश, फिनिशनंतर सापडलेल्याला पूर्ण दर. मशीनिंगच्या चुकीनं गेलेल्या नगाचा दर नाही, आणि शंभरात दोनपेक्षा जास्त गेले तर वरच्या कास्टिंगची किंमत तू सोसायची. ही टक्केवारी तुमची तुम्ही ठरवा, पण आकडा कागदावर हवा.

शिनोळीवाला
एक चतुर्थांश आमचं परचेस मान्य करेल, पूर्ण दराला कुरकूर करेल. मी विचारून सांगतो. फाउंड्री आमची नसल्यानं ती रक्कम आम्हाला पुढं फाउंड्रीकडून वसूल करावी लागते, गोची तिथं आहे.

वडगावचा_माग
आणि तो चुरा कुणाचा? 6.2 वजा 5.1 म्हणजे नगाला 1.1 किलो. 400 नगाला 440 किलो लोखंड. आमच्याकडं सूत कमी भरलं तर मजुरीतून कापतात.

ओतारी
दादा, हा प्रश्न एकदम बरोबर विचारलात. हा चुरा आम्ही परत वितळवतो, म्हणून गिऱ्हाईक तो मागतोच. बोअरगेज, चुरा परत द्यायचा की तू विकायचा, ते दरात धरून ठरव. आणि कूलंटनं भिजलेला चुरा वजनात जास्त भरतो, तो निथळल्यावरच काट्यावर घाल. नाहीतर कास्टिंग दिलं त्यापेक्षा जास्त वजन परत आलं म्हणून हिशोबनीस ताई हैराण होतील.

हिशोबनीस
विकायचं ठरलं तर यांची नोंदणी झाली की ते स्वतः कर लावून परस्पर विकू शकतात. नोंदणी नसेल तर तो चुरा गिऱ्हाईकानंच विकला असं दाखवावं लागेल.

कुंदाप्रेमी
अहो, भेटवस्तू राहिली! शनिवार आलाय. चुऱ्याचंच पाकीट देऊया काय?

उद्यमबागकर
भेट माझ्या मते डायल बोअर गेज, 35 ते 60 रेंजचा, आणि सोबत 40 ची सेटिंग रिंग सर्टिफिकेटसकट. त्याचं इथलं नावच ते आहे. गेज एकटा देऊ नये. रिंग नसली की माणूस मायक्रोमीटरला लावून झिरो करतो, त्यात चार-पाच मायक्रॉनची चूक सहज शिरते. एच7 मध्ये 40 ला एकूण 25 मायक्रॉन मिळतात, त्यातले पाच मोजमापानंच खाल्ले तर मशीनला काय राहिलं?

बोअरगेज
अरे, हे फार महाग होईल. शाल चालेल मला.

कुंदाप्रेमी
तू गप बस गा. वर्गणी काढूलाव आम्ही, तुला कोण विचारूलंय?

उद्यमबागकर
आणि बोअरगेज, तुला माहीत आहे पण नव्या ऑपरेटरला शिकव. गेज बोअरमध्ये झुलवायचा आणि सगळ्यात कमी दिसेल ते वाचन धरायचं. दोन दिशांना, वर आणि खाली, म्हणजे ओव्हल आणि टेपर दोन्ही कळतं. गरम नग मोजायचा नाही. दहा अंश गरम असेल तर 40 चा बोअर चार मायक्रॉन मोठा दिसतो. गरम असताना 40.002 दिसला म्हणून पास केला, तो थंड होऊन 39.998 होतो आणि गिऱ्हाईकाचा गो प्लग आत जात नाही. तपासायच्या आधी रिंगशेजारी पाटावर पडू दे.

शिनोळीवाला
आमचं ठरलेलं असं. मशीन बसलं की 25 नगांचा ट्रायल लॉट पाठवतो, फिक्स्चर आमचं. पहिल्या पाच नगांचा पूर्ण डायमेन्शन रिपोर्ट, बाकीच्यांचा फक्त बोअर. ट्रायलला दर वेगळा, तासावर. त्यातूनच तुझी खरी सायकल कळेल, मग नगाचा दर बोलू. 179 देईन असं आत्ता म्हणत नाही.

बोअरगेज
चालतंय. एक शंका. मी आत्ता जिथं आहे तिथलंही जास्तीचं काम मिळेल असं साहेब म्हणालेत. तेव्हा तुमचं आणि त्यांचं फिक्स्चर एकाच शेडमध्ये, चालेल ना?

शिनोळीवाला
फिक्स्चर चालेल, ड्रॉइंग भिंतीवर लावू नकोस. आणि त्यांचं गिऱ्हाईक असलेल्या माणसाला नोकरीत असतानाच दर सांगत बसू नकोस, रिलीव्हिंग लेटर हातात येऊ दे.

उद्यमबागकर
हे बरोबर. आमच्याकडचं जास्तीचं काम मुख्यतः ड्रिल-टॅपचं आहे, बोअरचं नाही. तुझे रिकामे 133 तास त्यात काही भरतील, पण ते काम सणाच्या आधी येतं आणि नंतर थांबतं. त्याच्यावर हप्ता बेतू नकोस.

बोअरगेज
मग नवीन की जुनं मशीन, ते अजून ठरत नाही. रविवारी ते 11 लाखाचं बघायला जातो. एंडमिलनं खिसा मारून देणार नाही म्हणाले तर?

उद्यमबागकर
तर बघायलाही थांबू नकोस. मी येतो सोबत, डायल आणि मँड्रेल माझ्याकडं आहे.

कुंदाप्रेमी
रिंगसाठी अजून 1,800 कमी पडतायत. ज्यांनी दिले नाहीत त्यांनी उद्या गेटवर भेटा.